लाकूड मागे का फेकले गेले?
सुतारकामाच्या कारखान्यातील एका अपघाताच्या अहवालाचे वाचन

गोल करवतीवर अपघात झाला की त्याची नोंद बहुतेक ठिकाणी चार ओळींत संपते. तारीख, वेळ, जखम आणि शेवटी कारण: 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याखाली तीन रकाने असले, तर तेही ठरावीक पद्धतीने भरले जातात. गार्ड होता का? नव्हता. लाकूड कोणते? सागवान. काम करणाऱ्याचा अनुभव? पंधरा वर्षे. कागद फाइलला लागतो, करवत दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि ज्या कारणाने लाकूड उडाले ते कारण त्याच टेबलावर तसेच राहते.

हे तीन रकाने बारकाईने भरले तर काय दिसते, ते एका उदाहरणातून पाहू. हे उदाहरण कोणा एका कारखान्याचे नाही. अशा अपघातांमध्ये जे पुन्हा पुन्हा आढळते, ते एकत्र करून ते बांधले आहे.

तालुक्याच्या गावातला दरवाजे-खिडक्या बनवणारा छोटा कारखाना. लोखंडी टेबलावर बसवलेली करवत, 300 मिलिमीटर म्हणजे बारा इंचांचे ब्लेड, मिनिटाला 3000 फेरे. संध्याकाळची वेळ. मिस्त्री सागवानाची 40 मिलिमीटर जाडीची, 150 मिलिमीटर रुंदीची आणि 1.2 मीटर लांबीची फळी लांबीत चिरत होते. पलीकडे उभा राहून फळी धरणारा हेल्पर टेम्पो भरायला गेला होता. फळी निम्म्याहून थोडी अधिक चिरून झाल्यावर मशीनचा आवाज जड झाला, जळका वास आला, फळी पुढे सरकेना. मिस्त्रींनी डावा हात ब्लेडच्या वरून पलीकडे नेऊन फळी दाबून धरली. त्याच क्षणी फळी उचलली गेली आणि त्यांच्या अंगावर आली. तिचे टोक उजव्या बाजूला बरगड्यांखाली लागले आणि फळीवर टेकलेला हात फळीबरोबर ओढला जाऊन ब्लेडवर गेला. मधल्या बोटाचे आणि करंगळीशेजारच्या बोटाचे शेंडे कापले गेले.

मागच्या दातांचे काम

यालाच कारखान्यांत किकबॅक म्हणतात. तो समजायला ब्लेड कोणत्या दिशेने फिरते एवढेच आधी पाहायचे. टेबलावरच्या करवतीत ब्लेडचे पुढचे दाते, म्हणजे माणसाच्या बाजूचे, वरून खाली येतात. ते लाकूड कापतात आणि त्याला टेबलावर दाबूनही ठेवतात. मागच्या बाजूचे दाते मात्र टेबलाखालून वर येत असतात. त्यांचे कापायचे काम तेव्हा संपलेले असते. चिरलेल्या फटीतून ते लाकडाला न शिवता वर आले पाहिजेत.

पण फट मिटली, किंवा फळी तिरकी होऊन मागच्या दातांवर आली, तर हेच दाते लाकडात रुततात, ते टेबलावरून उचलतात आणि ब्लेडच्या माथ्यावरून माणसाच्या दिशेने फेकतात. 300 मिलिमीटरच्या ब्लेडचे दाते 3000 फेऱ्यांना सेकंदाला सुमारे 47 मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ 170 किलोमीटर वेगाने धावत असतात. फळीला त्याचा पाचवा हिस्सा वेग मिळाला असे धरले, तरी ती एक-पंचमांश सेकंदात जवळपास दोन मीटर जाते. धोका दिसून हात मागे घ्यायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि मिस्त्री फळीपासून एक मीटरवरही नव्हते. म्हणून चपळाई हा किकबॅकवरचा उपाय होऊ शकत नाही. अहवालात 'हात वेळेत काढला नाही' असे लिहिण्याला काही अर्थ नाही. तेवढा वेळ कोणालाच मिळत नाही.

पहिला रकाना: गार्ड

'गार्ड नव्हता' हे वाक्य खरे असूनही अपुरे आहे, कारण या करवतीवर दोन वेगळ्या वस्तू असायला हव्या होत्या. एक, ब्लेडच्या वरचे झाकण, ज्याला आपण गार्ड म्हणतो. ते हाताला ब्लेडपासून दूर ठेवते. दुसरी, ब्लेडच्या लगेच मागे उभे असलेले पोलादी पाते, रायव्हिंग नाइफ. ते चिरलेल्या फटीत शिरते आणि फट मिटू देत नाही. लाकूड उडू नये यासाठी मुख्यतः हे दुसरे पाते असते. लाकूड उडालेच तर हात वाचावा यासाठी झाकण असते. या अपघातात दोन गोष्टी घडल्या: फळी उडाली आणि हात ब्लेडवर गेला. पहिलीचा संबंध रायव्हिंग नाइफशी आहे, दुसरीचा गार्डशी. अहवालात दोन्ही वेगळ्या लिहिल्या नाहीत, तर 'गार्ड बसवला' एवढ्यावर दुरुस्ती थांबते आणि फळी पुन्हा उडू शकते.

या कारखान्यात दोन्ही भिंतीला टांगलेले होते. झाकण रायव्हिंग नाइफवरच बसते, त्यामुळे एक काढले की दुसरेही निघते. ते कधी निघाले हे टेबलाखालच्या बोल्टांनी सांगितले: त्यांच्या आट्यांवर गंज चढलेला होता. म्हणजे त्या संध्याकाळी घाईत कोणी ते काढले नव्हते. महिनोन्‌महिने कारखाना त्यांच्याविनाच चालला होता. मग खरा प्रश्न येतो: का काढले?

मिस्त्री म्हणाले, "ते बसवलं की लाकूड अडकतं."

हे उत्तर सबब म्हणून सोडून देता येत नाही. कॅलिपरने मोजल्यावर ते खरे ठरले. मशीनबरोबर आलेल्या रायव्हिंग नाइफची जाडी 3 मिलिमीटर होती. जुने ब्लेड 3.5 मिलिमीटरची चीर पाडायचे, तेव्हा हे पाते त्यातून सहज जायचे. पुढे मालकांनी भुसा कमी पडावा, लाकूड वाचावे म्हणून पातळ ब्लेड आणले. त्याच्या दातांची चीर 2.8 मिलिमीटर आणि मधल्या तबकडीची जाडी 2 मिलिमीटर. 2.8 च्या फटीत 3 मिलिमीटरचे पाते जाणारच नाही. फळी तिथे जाऊन अडायची. म्हणून कोणीतरी ते काढले, आणि त्याच्यासोबत झाकणही गेले.

नियम सोपा आहे. रायव्हिंग नाइफ ब्लेडच्या तबकडीपेक्षा जाड आणि दातांच्या चिरेपेक्षा पातळ असावे. या ब्लेडला 2.4 किंवा 2.5 मिलिमीटरचे पाते लागले असते. शिवाय ते ब्लेडच्या वळणाला धरून, अगदी जवळ असावे लागते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात टेबलाच्या पातळीला दाते आणि पाते यांत 8 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नको असे सांगितले आहे. अंतर वाढले, तर फट त्या मोकळ्या जागेतच मिटते आणि पाते असून नसल्यासारखे होते.

झिरी पाडताना मात्र अडचण खरी असते. तिथे ब्लेड लाकडाच्या आरपार जात नाही, त्यामुळे वरचे झाकण आणि ब्लेडपेक्षा उंच पाते दोन्ही आड येतात. यासाठी ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहणारे, ब्लेडबरोबर वरखाली होणारे पाते असलेले टेबल मिळते. ते नसेल तर झिरी पाडण्याचे काम राउटरवर नेणे बरे. झिरीसाठी म्हणून काढलेले पाते नंतर चिरकामासाठी परत बसवायचे राहून जाते, हा ते गायब होण्याचा दुसरा नेहमीचा मार्ग आहे.

दुसरा रकाना: लाकूड

'सागवान' या एका शब्दाने काहीच कळत नाही. त्या फळीचे काय झाले ते फळीनेच सांगायचे असते, म्हणून अपघातानंतरचा पहिला नियम हा की ती फळी जळणात टाकायची नाही. इथे ती सुदैवाने कोपऱ्यात पडून होती.

तिच्यावर तीन खुणा सापडल्या. चीर 700 मिलिमीटर लांब होती. आतल्या टोकाला, म्हणजे कापणे जिथे थांबले तिथे, तिची रुंदी 2.8 मिलिमीटर होती. पण जिथून कापायला सुरुवात झाली त्या बाहेरच्या टोकाला दोन्ही भाग एकमेकांना चिकटले होते. म्हणजे चीर पडताच लाकूड आत वळत गेले आणि फट मिटली. दुसरी खूण, चिरेच्या आतल्या बाजूंवर काळपट भाजल्याचे पट्टे. ब्लेड मोकळे फिरत नव्हते, घासत होते. तिसरी, त्याच पृष्ठभागावर वर चढत गेलेले कमानदार ओरखडे. सरळ कापताना असे ओरखडे उठत नाहीत. मागचे दाते रुतून लाकूड उचलले गेले की उठतात. ओरखडे, भाजल्याचे पट्टे आणि मिटलेली फट यांनी मिळून पुरावा पूर्ण केला.

लाकूड आत का वळले? फळीच्या एका कडेला झाडाचा गाभा होता, मध्याजवळ मोठी गाठ होती आणि तिच्याभोवती रेषा वळसा घेऊन गेल्या होत्या. झाड बांधावरचे, लवकर वाढलेले, कमी घेराचे. अशा खोडात गाभ्याजवळचे कोवळे लाकूड आणि बाहेरचे पक्के लाकूड वाळताना सारख्या प्रमाणात आकसत नाही. गाठीजवळ आणि कललेल्या झाडाच्या लाकडात हा ताण आणखी असमान असतो. फळी अखंड असते तोवर हे ताण एकमेकांना तोलून धरतात आणि ती सरळ दिसते. ब्लेडने तिचे दोन भाग केले की तोल जातो आणि प्रत्येक भाग आपल्या बाजूला वळतो. कधी फट उघडते, कधी मिटते. आर्द्रतामापक काटे रोवले तेव्हा एका टोकाला 14 टक्के आणि मध्याजवळ 22 टक्के ओल निघाली. फळी बाहेरून वाळली होती, आतून नव्हती.

फट उघडली तरी धोका संपत नाही. चिरलेली पट्टी बाहेर वळते, आणि बाहेर फेन्स असतो, म्हणजे फळीला सरळ नेणारी कडेची भिंत. फेन्स टेबलाच्या टोकापर्यंत लांब असेल तर वळलेली पट्टी त्यावर आपटून परत ब्लेडकडे ढकलली जाते. म्हणून चिरकामात फेन्स ब्लेडच्या पुढच्या दातांपाशीच संपवावा, म्हणजे कापलेल्या भागाला वळायला मोकळी जागा राहते. लांब फेन्स कापता येत नसेल तर त्याच्या पुढच्या भागाला लाकडी ठोकळा बांधूनही हे साधते.

अशी फळी आधी ओळखता येते. कडेवर नजर टेकवून ती वाकडी आहे का ते पाहायचे, टोकावर गाभा दिसतो का, गाठीजवळ रेषा वळतात का ते पाहायचे. शंका असेल तर एकदम मापात चिरायचे नाही. पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवून ढोबळ चिरायचे, लाकडाला वळू द्यायचे, मग रंधून कड सरळ करून अंतिम माप काढायचे. त्याहून बरे, ढोबळ चिरकाम बँडसॉवर करायचे. त्याची पट्टी लाकडाला सतत खाली, टेबलावर दाबते. लाकूड पट्टीला घट्ट धरून ठेवील, पण माणसाच्या अंगावर फेकणार नाही.

तिसरा रकाना: अनुभव

सर्वांत फसवा रकाना हाच. 'पंधरा वर्षे' लिहिले की वाचणारा दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: एवढा अनुभवी माणूस, म्हणजे दैव, किंवा एवढा अनुभवी असून, म्हणजे बेफिकिरी. दोन्ही निष्कर्षांनी पुढचा शोध थांबतो.

वर्षांऐवजी चार प्रश्न विचारले तर चित्र बदलते. या मशीनवर किती काळ? आठ महिने. त्याआधी मिस्त्रींचे बहुतेक आयुष्य साइटवर, हातात धरायच्या कटरवर आणि हातकरवतीवर गेले होते. हे मशीन कोणी शिकवले? कोणीच नाही, आले त्या दिवशी चालवायला घेतले. तेव्हा गार्ड होता का? नव्हता. त्यांनी ही करवत गार्डसकट कधी पाहिलीच नव्हती. आणि शेवटचा प्रश्न: याआधी लाकडाने झटका दिला होता का?

"दिला होता ना," ते म्हणाले. "त्याच महिन्यात दोनदा. पण लागलं काही नाही."

या उत्तराला अहवालात सर्वांत वर जागा हवी. पातळ ब्लेड बसवल्यापासून मशीन इशारा देत होते, पण जखम झाली नाही म्हणून तो कोणी टिपला नाही. अनुभवाचा दुसरा परिणामही इथे दिसतो. शेकडो फळ्या गार्डविना सुखरूप चिरून झाल्या की माणसाचा हात 'असे चालते' हे शिकतो. ज्या शंभर फळ्यांत ताण नव्हता, त्यांनी दिलेला आत्मविश्वास ताण असलेल्या एका फळीवर उपयोगी पडत नाही.

पलीकडे हात नेण्याची कृतीही अशीच समजून घ्यावी लागते. साइटवर लाकूड अडले की ते दाबून धरायचे, ही सवय. टेबलावरच्या करवतीवर त्याच सवयीने हात ब्लेडमागे जातो, आणि फळी फेकली गेली की तिच्यावर टेकलेला हात सरळ ब्लेडकडे ओढला जातो. इथे शिकवायला हवे ते वेगळे आहे. आवाज जड झाला, वास आला, फळी जड लागली, तर ती मागे ओढायची नाही, कारण मागे घेताना ती मागच्या दातांवर चढते. पलीकडे हात न्यायचा नाही. फळी आहे तिथे घट्ट धरून मशीन बंद करायचे. त्यासाठी स्विच गुडघ्याने दाबता येईल अशा जागी हवा. या टेबलाचा स्विच मागच्या भिंतीवर होता. ब्लेड पूर्ण थांबल्यावर मिटलेल्या फटीत लाकडी पाचर ठोकायची आणि मगच पुढचे ठरवायचे. उभे राहायचे तेही ब्लेडच्या रेषेत नाही, थोडे बाजूला. आणि फळीचे शेवटचे 300 मिलिमीटर हाताने नव्हे, किमान 450 मिलिमीटर लांबीच्या, टोकाला खाच पाडलेल्या काठीने ढकलायचे.

एका ओळीची किंमत

हे सगळे इतके बारीक कशाला, असे मालकाला वाटू शकते. त्याला एक ठोस कारण आहे. कामावर झालेल्या इजेची भरपाई देण्याची कायदेशीर तरतूद आपल्याकडे 1923 पासून आहे. त्यात एक अपवाद आहे: मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, आणि सुरक्षेसाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढल्यामुळे किंवा डावलल्यामुळे इजा झाली असेल, तर मालकाची भरपाईची जबाबदारी राहत नाही. दोन बोटांचे शेंडे गेलेला मिस्त्री नेमका या अपवादाच्या टप्प्यात येतो. अहवालात 'कामगाराने गार्ड वापरला नाही' ही एक ओळ पडली, तर त्याच्या हक्काची भरपाई अडू शकते. उलट 'ब्लेड बदलल्यावर रायव्हिंग नाइफ त्याला जुळत नव्हते, ते आठ महिन्यांपूर्वीच काढलेले होते, मिस्त्री कामावर आले तेव्हा ते नव्हते' ही ओळ तेवढीच खरी आहे, जास्त खरी आहे, आणि तिचा अर्थ पूर्ण वेगळा होतो.

म्हणून अहवाल लिहिणाऱ्याने जखमी माणसाचे म्हणणे त्याच्या शब्दांत नोंदवावे आणि मग ते मोजून पाहावे. 'लाकूड अडकतं' हे तीन मिलिमीटर आणि 2.8 मिलिमीटर यांच्यातल्या फरकाचे वर्णन होते. मिस्त्रींच्या म्हणण्यावर विश्वास ठेवून कॅलिपर हातात घेतला नसता, तर तो फरक सापडला नसता.

जखमेबद्दलच्या दोन गोष्टी अशा अहवालात ठळक असाव्यात. कापलेला बोटाचा भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तो भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात. आणि पोटावर फळी लागली असेल, तर वरून खरचटलेले साधे दिसले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठायचे. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते आणि आतला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही. बोटातून रक्त वाहत असताना सगळ्यांचे लक्ष तिकडेच जाते, पोटाचा मार विसरला जातो. डॉक्टरांना दोन्ही सांगावे लागते.

आता तेच तीन रकाने पुन्हा भरू. गार्ड: रायव्हिंग नाइफ 3 मिलिमीटर, ब्लेडची चीर 2.8, म्हणून काढलेले. त्यामुळे झाकणही नाही. 2.5 मिलिमीटरचे पाते मागवले, ते येईपर्यंत या टेबलावर चिरकाम बंद. लाकूड: बांधावरचा साग, गाभा व गाठ असलेली फळी, ओल 14 ते 22 टक्के, चीर मिटलेली, असे लाकूड यापुढे बँडसॉवर. अनुभव: या मशीनवर आठ महिने, प्रशिक्षण नाही, त्याच महिन्यात आधी दोन झटके, स्विच गुडघ्यापाशी आणला, यापुढे प्रत्येक झटका वहीत.

यात कोणाला माफ केलेले नाही आणि कोणाला दोषीही ठरवलेले नाही. पण प्रत्येक ओळीपुढे करायचे काम लिहिले आहे, आणि ते झाले की नाही हे कोणीही टेबलापाशी जाऊन मोजून पाहू शकतो. ब्लेड पुन्हा बदलले जाईल त्या दिवशी हे मोजमापही पुन्हा करावे लागेल, म्हणून नव्या ब्लेडच्या बिलावरच चिरेची रुंदी आणि पात्याची जाडी लिहून ठेवण्याची सवय कारखान्याने लावून घ्यावी.